कमिशनचा स्लॅब: नवा दर नक्की किती रुपयांना लागतो?

*मी नाशिकमध्ये घरगुती उपकरणांच्या शोरूममध्ये सेल्समन आहे. पगाराशिवाय दर महिन्याला विक्रीवर कमिशन आहे: ६ लाखांपर्यंत १ टक्का, ६ ते १० लाखांवर दीड टक्का, १० लाखांच्या वर अडीच टक्के. सगळं तोंडी ठरलंय. एप्रिलमध्ये माझ्या नावावर ११,२१,००० ची बिलं झाली. मी अडीच टक्क्यांनी २८,०२५ धरून बसलो होतो, हातात आले १०,७२५. मालक म्हणतात हिशोब बरोबर आहे. मध्ये एवढंच झालं की मार्चमध्ये विकलेला ४१,३०० चा एक एसी एप्रिलमध्ये परत आला. मार्चला ६,८४,४०० ची बिलं होती आणि ५,८०० मिळाले होते, तेव्हा मी काही बोललो नव्हतो. मला फसवलं जातंय का? आणि सोबतचे सांगतात की महिनाअखेरची बिलं पुढंमागं करून दहा लाख गाठत जा. तसं करू का?*

*– एक सेल्समन, नाशिक*

तुमच्या मालकांनी फसवलेलं मला दिसत नाही. एका ठिकाणी १७५ रुपये जास्त कापलेत, ते मागायला हरकत नाही. बाकीचा फरक पडलाय तो तोंडी ठरवताना जे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत, त्यांच्यामुळे. तुम्ही त्यांची उत्तरं एका पद्धतीनं धरलीत, त्यांनी दुसऱ्या. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकता.

त्यांनी काय केलं हे त्यांना न विचारताही काढता येतं. हातात आलेल्या रकमेपासून उलटं जायचं. १०,७२५ मधून पहिल्या टप्प्याचे पूर्ण कमिशन, म्हणजे ६ लाखांचा १ टक्का, ६,००० काढून टाका. उरले ४,७२५. हे दीड टक्क्यानं मिळाले असतील तर ती विक्री किती? ४,७२५ भागिले ०.०१५, म्हणजे ३,१५,०००. याचा अर्थ मालकांनी तुमची एकूण विक्री ९,१५,००० धरली. आता तुमच्या ११,२१,००० मधून १८ टक्के जीएसटी बाजूला काढा. ११,२१,००० भागिले १.१८, बरोबर ९,५०,०००. परत आलेल्या एसीचे ४१,३०० भागिले १.१८ म्हणजे ३५,०००. साडेनऊ लाखांतून पस्तीस हजार गेले की ९,१५,०००. रुपयाला रुपया जुळला. इतकं जुळतंय तेव्हा हिशोब मनाला येईल तसा केलेला नाही. त्यामागे पद्धत आहे, आणि ती तीन गोष्टींची बनलेली आहे: दर टप्प्याटप्प्यानं लावायचा, विक्री जीएसटी वगळून धरायची, परत आलेला माल चालू महिन्यातून वजा करायचा.

यातली पहिली गोष्ट सगळ्यात मोठी. तुमच्या २८,०२५ आणि त्यांच्या आकड्यामधली बरीचशी दरी तिथंच आहे.

दहा लाखांच्या वर अडीच टक्के, या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक असा, की दहा लाख ओलांडले की पहिल्या रुपयापासून सगळ्या विक्रीवर अडीच टक्के. दुसरा असा, की दहा लाखांच्या वर जेवढे रुपये गेले तेवढ्यांवरच अडीच टक्के, आणि खालच्या रुपयांना त्यांच्या त्यांच्या टप्प्याचा दर. महावितरणचं घरगुती बिल दुसऱ्या पद्धतीनं लागतं: १०१ वं युनिट जळलं म्हणून आधीची शंभर युनिटं महाग होत नाहीत, शंभरच्या पुढच्यांनाच वरचा दर लागतो. तुमच्या मालकांनी हाच अर्थ घेतला. जीएसटी तात्पुरता विसरून ११,२१,००० याच पद्धतीनं मोजले, तर पहिल्या ६ लाखांचे ६,०००, पुढच्या ४ लाखांचे दीड टक्क्यानं ६,०००, आणि वरच्या १,२१,००० चे अडीच टक्क्यांनी ३,०२५, असे मिळून १५,०२५ होतात. तुम्ही धरलेल्या रकमेच्या जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त.

पहिल्या रुपयापासूनचा हिशोब सेल्समनना आवडतो हे मला ठाऊक आहे, आणि काही दुकानांत तो चालतोही. पण तो काय करतो ते जरा पाहा. समजा ३० तारखेला संध्याकाळी तुमची विक्री ९,९०,००० वर उभी आहे. कमिशन दीड टक्क्यानं १४,८५०. शटर पडायच्या आत अजून दहा हजारांचा एक मिक्सर-गीझरचा सौदा झाला, दहा लाख पुरे झाले, आणि कमिशन एकदम २५,०००. म्हणजे दहा हजारांच्या त्या शेवटच्या बिलावर मालकानं तुम्हाला १०,१५० रुपये दिले. माल फुकट देऊन वर दीडशे रुपये मोजले असते तरी तेवढंच झालं असतं.

अशा उंबरठ्यावर माणसं काय करतात, हे कुठल्याही शोरूमच्या हिशोबनिसाला विचारा. मेहुण्याच्या नावानं गीझरचं बिल फाडतात आणि पाच तारखेला तो परत येतो. गिऱ्हाइकाला स्वतःच्या खिशातून हजार-पाचशे सोडतात. दोन सेल्समन आपसांत ठरवून एकाच्या नावावर बिलं टाकतात आणि कमिशन वाटून घेतात. मग मालक नियमांवर नियम घालतो, प्रत्येक परतीवर संशय घेतो, आणि प्रामाणिकपणे ९,९४,००० वर थांबलेला माणूस दहा हजारांनी मागं राहतो. उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना भांडण. दहा लाख ‘पूर्ण’ की दहा लाखांच्या ‘वर’, यावरसुद्धा हजारोंचा फरक पडतो. टप्प्याटप्प्याच्या पद्धतीत हा वादच उरत नाही, कारण नेमक्या दहा लाखाव्या रुपयाला दीड टक्का लावा की अडीच, फरक एका पैशाचा. म्हणून माझं मत विचाराल तर तुमच्या मालकांनी निवडलेली पद्धत जास्त चांगली आहे, आणि तुम्ही ती बदलून मागू नये. मागायचं आहे ते वेगळं काही, त्याकडे शेवटी येते.

हा हिशोब दर महिन्याला मालकांच्या आधी तुमच्याकडे तयार असावा. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये B2 या चौकटीत जीएसटी वगळून झालेली विक्री टाका आणि शेजारी हे सूत्र लिहा:

```
=B2*1% + MAX(0,B2-600000)*0.5% + MAX(0,B2-1000000)*1%
```

सूत्राचं वाचन सोपं आहे. सगळ्या विक्रीला १ टक्का तर मिळतोच. सहा लाखांच्या वर जे काही आहे त्याला त्या १ टक्क्यावर आणखी अर्धा टक्का. दहा लाखांच्या वर जे आहे त्याला त्यावर आणखी १ टक्का. सूत्रात दर लिहायचा नसतो, दरातली वाढ लिहायची असते. ९,५०,००० टाकून बघा: ९,५०० अधिक १,७५०, म्हणजे ११,२५०. हातानं टप्पे पाडून केलंत तरी तेवढेच येतील.

दुकानाच्या हिशोबाच्या शीटमध्ये एक गडबड हमखास सापडते, ती इथंच सांगते. दरांचा तक्ता करून त्यातून VLOOKUP नं दर उचलायचा आणि तो सगळ्या विक्रीला गुणायचा, असं करणारे बरेच आहेत. त्यांना वाटतं आपण स्लॅब लावला. प्रत्यक्षात ते पहिल्या रुपयापासूनची पद्धत लावत असतात. तुमच्याकडे तसं असतं तर साडेनऊ लाखांवर १४,२५० आले असते. नवीन हिशोबनीस आला आणि एखाद्या महिन्यात रक्कम अचानक फुगली किंवा आटली, तर आधी हे तपासायचं.

आता जीएसटी. तुमच्या तोंडी ‘विक्री’ म्हणजे बिलाच्या तळाशी छापलेला आकडा. मालकांच्या डोक्यात विक्री म्हणजे कर काढून उरलेला, कारण कराचे पैसे त्यांच्या गल्ल्यात राहतच नाहीत, ते सरकारला भरायचे असतात. इथंही मला त्यांची बाजू पटते, पण त्यांनी ती आधी सांगायला हवी होती. मार्चचा आकडा त्यांच्या बाजूनं बोलतो. ६,८४,४०० भागिले १.१८ म्हणजे ५,८०,०००, त्याचा १ टक्का ५,८००. बिलाच्या एकूण रकमेवर धरलं असतं तर ८४,४०० रुपये दीड टक्क्याच्या टप्प्यात गेले असते आणि ७,२६६ मिळाले असते. तुम्हाला तेव्हा १,४६६ चा फरक लक्षात आला नाही, पण त्यामुळे एक गोष्ट सिद्ध होते: एप्रिलची रक्कम मोठी निघाली म्हणून त्यांनी ऐन वेळी नियम बदललेला नाही. नियुक्तिपत्रात किंवा एखाद्या व्हॉट्सअॅप निरोपात ‘बिलाच्या रकमेवर’ असे शब्द असतील, तर गोष्ट वेगळी. मग ते दाखवून मागता येईल. एकदा जुने निरोप चाळून घ्या.

जीएसटी काढताना एक चूक सर्रास होते आणि ती नेहमी सेल्समनच्या अंगावर जाते. बिलाच्या रकमेचे १८ टक्के काढून ते वजा करायचे नसतात, १.१८ नं भागायचं असतं. ११,२१,००० चे १८ टक्के २,०१,७८० होतात, ते वजा केले तर विक्री ९,१९,२२० दिसते, म्हणजे खऱ्यापेक्षा ३०,७८० नं कमी. तुमच्या मालकांनी भागलंच आहे, हे ९,१५,००० जुळल्यावरून कळतं. तुमच्या दुकानात टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी या सगळ्यांना सध्या १८ टक्केच लागतो म्हणून एका भागाकारात काम होतं. वेगळ्या दराचा माल विकत असाल तर बिलावर छापलेली करपात्र रक्कम सरळ उचलायची, भागाकाराच्या भानगडीत पडायचं नाही.

कर वगळून मोजण्यात तुमचाही एक फायदा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३५,००० चा एसी आधी बिलावर ४४,८०० ला पडायचा, त्या दिवसापासून ४१,३०० ला. ज्या दुकानात कमिशन बिलाच्या एकूण रकमेवर होतं, तिथं २५ एसी विकणाऱ्याची विक्री ११,२०,००० वरून १०,३२,५०० वर आली. तुमच्याच दरांनी मोजलं तर कमिशन १५,००० वरून १२,८१२ वर. माणूस तोच, मेहनत तीच, गिऱ्हाइकं तेवढीच. कर कमी झाला आणि स्लॅबची पायरी मात्र होती तिथंच राहिली, म्हणून ती गाठणं अवघड झालं. कर वगळून मोजणाऱ्या दुकानात या बदलानं काहीच हललं नाही. कर उद्या वाढला तर उलटं होईल हे खरं, पण आपल्या हातात नसलेल्या गोष्टीवर आपलं कमिशन झुलत राहू नये हेच बरं.

परत आलेल्या एसीत मात्र मालक चुकलेत. माल परत आला की त्यावरचं कमिशनही परत जाणार, त्यात वाद नाही. प्रश्न असा आहे की किती. मार्चमध्ये तुमची विक्री सहा लाखांच्या आतच होती, म्हणजे त्या एसीवर तुम्हाला १ टक्क्यानं ३५० रुपये मिळाले होते. मालकांनी ते ३५,००० एप्रिलच्या विक्रीतून वजा केले. एप्रिलमध्ये तुमच्या वरच्या रुपयांना दीड टक्का मिळत होता, त्यामुळे कमिशन ११,२५० वरून १०,७२५ वर आलं, म्हणजे ५२५ गेले. मिळाले ३५०, कापले ५२५. हेच ते १७५ रुपये.

रक्कम किरकोळ आहे, पण नियम किरकोळ नाही. दिवाळीच्या महिन्यात तुम्ही अडीच टक्क्यांच्या टप्प्यात असाल आणि आधीच्या मंदीच्या महिन्यातले दोन-तीन लाखांचे सौदे रद्द झाले, तर जिथं १ टक्का मिळाला होता तिथं अडीच टक्क्यांनी कापलं जाईल. उलटही होतं. चांगल्या महिन्यात अडीच टक्के घेतलेला माल मंदीच्या महिन्यात परत आला तर १ टक्काच कापला जाईल आणि नुकसान मालकाचं. मेहुण्याच्या गीझरची युक्ती चालते ती याच फटीमुळे. म्हणून हा नियम मालकांपुढे मांडताना तुमच्या १७५ रुपयांपासून सुरुवात करू नका. ज्या महिन्यात विकलं त्याच महिन्याचा हिशोब पुन्हा मांडायचा आणि जो फरक येईल तोच कापायचा, हे दोघांच्याही फायद्याचं आहे असं सांगा. मार्चची विक्री ५,८०,००० ऐवजी ५,४५,००० धरायची, कमिशन ५,८०० ऐवजी ५,४५० येतं, फरक ३५०. झालं.

बिलं पुढंमागं करण्याचा सल्ला देणारे तुमचे सोबती बहुधा पहिल्या रुपयापासूनचा हिशोब डोक्यात ठेवून बोलतायत. त्या पद्धतीत खरंच मोठं घबाड असतं. तुमच्या पद्धतीत किती आहे ते मोजू. समजा मे महिना पाच लाखांवरच राहणार आहे, आणि त्यातला कर वगळून एक लाखाचा माल तुम्ही कसाही करून एप्रिलमध्ये ओढलात. एप्रिल साडेनऊ लाखांवर होता, म्हणजे त्या लाखातल्या पहिल्या पन्नास हजारांना दीड टक्का आणि पुढच्या पन्नास हजारांना अडीच, मिळून २,०००. मे महिन्यात त्याचेच १,००० मिळाले असते. फायदा एक हजार. पहिल्या रुपयापासूनच्या पद्धतीत हाच लाख ओढला असता तर फायदा अकरा हजारांचा होता, त्यामुळे ते का सांगतात हे समजतं.

एक हजारही कमी नाहीत, मान्य. पण त्यासाठी काय करावं लागेल? बिल मागं ठेवून माल आधी देता येत नाही. जीएसटीच्या नियमानं माल दुकानातून हलताना किंवा त्याआधी बिल व्हायलाच हवं, आणि त्यात गडबड झाली तर कागद मालकांच्या नावाचे अडकतात. वॉरंटीही बहुतेक वेळा बिलाच्या तारखेपासून मोजतात. पाच तारखेला येतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘आजच घेऊन जा, आज स्टॉकमध्ये आहे’ असं पटवणं हा धंदा झाला, ते खुशाल करा. बिल अडवून ठेवणं किंवा दुसऱ्याच्या नावावर टाकणं, तुमच्या स्लॅबमध्ये त्यात फारसं काही ठेवलेलं नाही.

एक प्रस्ताव मालकांकडून येण्याची शक्यता आहे, तेव्हा तयार राहा. दर महिन्याला हिशोबाची कटकट नको, तिमाहीचा एकच स्लॅब करू: १८ लाखांपर्यंत १ टक्का, १८ ते ३० लाखांवर दीड, त्यापुढे अडीच. ऐकायला अगदी तेच वाटतं, नुसते तिप्पट. पण तुमचा एप्रिल साडेनऊ लाखांचा, पुढचे दोन महिने समजा पाच आणि साडेपाच लाखांचे, मिळून वीस लाख. महिन्यागणिक हिशोबानं ११,२५०, ५,००० आणि ५,५०० मिळून २१,७५० येतात. तिमाहीच्या हिशोबानं १८ लाखांचे १८,००० आणि वरच्या दोन लाखांचे ३,०००, मिळून २१,०००. साडेसातशेचा तोटा. कारण तुमच्या धंद्याला हंगाम आहे. उन्हाळ्यात एसी, दिवाळीत सगळंच, आणि पावसाळ्यात माश्या मारायच्या. महिना वेगळा मोजला की तेजीच्या महिन्याला वरचा दर मिळतो आणि मंदीचा महिना त्याला खाली ओढत नाही. तीन महिने एकत्र मोजले की सगळं सपाट होतं. विक्री दर महिन्याला सारखीच असती तर दोन्हींत काहीच फरक पडला नसता. तेव्हा तिमाहीला हो म्हणायचं तर पायऱ्या तिपटीहून खाली आणून घ्या.

आणि आता खरी मागणी. तुम्हाला दहा लाखांची पायरी सांगितली तेव्हा तुम्ही ती बिलाच्या रकमेची समजलात. बिलावरचे दहा लाख म्हणजे कर वगळून ८,४७,४५८. बिलावरचे सहा लाख म्हणजे ५,०८,४७५. मालक कर वगळून मोजणार असतील तर मोजू द्या, पण मग पायऱ्याही त्याच मापात आणा: ५ लाखांपर्यंत १ टक्का, ५ ते साडेआठ लाखांवर दीड टक्का, साडेआठ लाखांच्या वर अडीच टक्के, सगळं जीएसटी वगळून. तुमच्या एप्रिलचा हिशोब यानं ५,००० अधिक ५,२५० अधिक २,५००, म्हणजे १२,७५० होतो, आधीच्या ११,२५० ऐवजी. मार्चचे ५,८०० ऐवजी ६,२००. मालकांना हे सांगताना एक गोष्ट ठळक करा, की पाच लाखांच्या आतल्या महिन्यात त्यांना एक रुपयाही जास्त द्यावा लागत नाही. जास्त जातात ते फक्त माल खपला तरच, आणि साडेनऊ लाखांच्या विक्रीवर दीड हजार म्हणजे फार नाहीत. २८,०२५ मागायला गेलात तर दार बंद होईल. ही मागणी घेऊन गेलात तर निदान कॅलक्युलेटर बाहेर निघेल.

जे ठरेल ते एका कागदावर किंवा मालकांना पाठवलेल्या एका निरोपात लिहून घ्या, आणि त्यांचा होकार त्याच निरोपाखाली येऊ द्या. मजकूर एवढाच पुरे: “विक्री म्हणजे त्या महिन्यात माझ्या नावावर झालेल्या बिलांची सूट आणि जीएसटी वगळून उरलेली रक्कम. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला १ टक्का, ५ ते ८.५ लाखांमधल्या रकमेला १.५ टक्के, त्यावरच्या रकमेला २.५ टक्के, वरचा दर खालच्या रकमेला लागणार नाही. परत आलेल्या मालाचं कमिशन ज्या महिन्यात तो विकला त्या महिन्याचा हिशोब पुन्हा करून तेवढंच कापलं जाईल.” खाली ९,५०,००० चं उदाहरण रुपयांत लिहा, १२,७५० या उत्तरासकट. शब्दांचा अर्थ उद्या कुणी वेगळा लावला तरी उदाहरणातला आकडा वेगळा लावता येत नाही.

फायनान्सवर जाणाऱ्या मालाचं काय, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या. बिल झालं की विक्री धरायची, की फायनान्स कंपनीकडून मंजुरी येऊन पैसे जमा झाल्यावर? तुमच्या दुकानात हप्त्यांवर किती माल जातो ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण महिनाअखेरीला अशी चार बिलं लोंबकळत राहिली तर ती कुठल्या महिन्यात गेली यावर टप्पा बदलू शकतो. बिलाची तारीख धरा, आणि मंजुरी नाकारली गेली तर तो परत आलेला माल समजा, असं मी तरी सुचवेन.

बोलायला जुलै बरा. दुकान रिकामं असतं, मालकांना वेळ असतो, आणि दिवाळीचे आकडे अजून कुणाच्याच डोळ्यांसमोर नसतात.